शेअर तेवढेच, टक्का मात्र कमी!

सुपम माहेश्वरी यांनी २०१० साली सहकाऱ्यांसोबत पुण्यात फर्स्टक्राय सुरू केली. लहान मुलांचे कपडे, खेळणी, डायपर विकणारी कंपनी. ऑगस्ट २०२४ मध्ये ती शेअर बाजारात आली, तेव्हा आयपीओच्या कागदपत्रांत माहेश्वरींचा हिस्सा दिसला सहा टक्क्यांच्या जरासा आत. त्याच कागदांत जपानच्या सॉफ्टबँकेकडे सुमारे पंचवीस टक्के आणि महिंद्रा अँड महिंद्राकडे अकरा टक्क्यांच्या आसपास हिस्सा होता. शिवाय, कंपनीला कायद्याच्या अर्थाने ओळखता येईल असा कुणी 'प्रवर्तक' नाही, असंही त्यात लिहिलेलं होतं.

कॉलेजच्या कट्ट्यावर हा आकडा निघाला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली : "म्हणजे कंपनी गेलीच की हातातून! एवढी वर्षं राबून सहाच टक्के?" दुसरी : "अरे, सहा टक्के असले तरी हजार कोटींच्या वर होतात ना, मग काय हरकत आहे?" इश्यूच्या ४६५ रुपये भावाने कंपनीची किंमत चोवीस हजार कोटींच्या आसपास होती, त्यामुळे दुसऱ्याचा गुणाकार बरोबर आहे. पण दोघंही एकाच आकड्याकडे बघतायत. टक्का कमी झाला, हे दोघांनाही दिसतं. तो कोणत्या भावाने कमी झाला आणि कमी होताना हातातून नेमकं काय गेलं, हे दोघंही विचारत नाहीत. आमचं म्हणणं एवढंच आहे की कंपनी काढणाऱ्याने टक्का घसरण्याला घाबरू नये, पण हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सहीही करू नये.

आधी एक गैरसमज दूर करू. हिस्सा म्हटलं की आपल्याला सातबारा आठवतो. दहा एकर वावर चार भावांत वाटलं की प्रत्येकाच्या नावावर अडीच एकर उरतं. जमीन तेवढीच राहते आणि आपला तुकडा लहान होतो. कंपनीत नेमकं उलटं घडतं. नवे शेअर्स काढले जातात तेव्हा तुमच्या नावावरचा एकही शेअर कमी होत नाही. तुमचे सहा हजार असतील तर सहा हजारच राहतात. वाढते ती एकूण संख्या. अपूर्णांकात वरचा आकडा जागच्या जागी राहतो आणि खालचा मोठा होतो, म्हणून टक्का उतरतो. यालाच डायल्यूशन म्हणतात. आणि नवे शेअर्स फुकट निघत नाहीत, त्यांच्या बदल्यात कंपनीत काहीतरी येतं. बहुतेक वेळा पैसा येतो, कधी एखादा अख्खा व्यवसायही येतो. २०१६ मध्ये फर्स्टक्रायने महिंद्राचा बेबीओये हा व्यवसाय घेतला, त्या व्यवहारातून महिंद्राकडे फर्स्टक्रायचा हिस्सा आला.

आता हे सगळं आपल्या गावच्या हिशेबात मांडू. समजा, कळमेश्वरच्या एमआयडीसीत एक छोटा गाळा आहे. नागपूरला इंजिनिअरिंग केलेल्या दोन मैत्रिणींनी तिथे संत्र्याची प्रतवारी करणारं यंत्र बनवलंय. काटोल-सावनेर पट्ट्यातल्या शेतकऱ्याने बागेतच फळं आकारानुसार वेगळी करावीत आणि व्यापाऱ्याने सरसकट भाव पाडू नये, ही त्यामागची कल्पना. दोघींनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली. दहा रुपये दर्शनी किमतीचे १०,००० शेअर्स, म्हणजे एक लाखाचं भागभांडवल. कल्पना आणि यंत्र जिचं, तिने ६,००० शेअर्स घेतले, दुसरीने ४,०००. पहिलीला आपण संस्थापक म्हणू आणि तिच्या टक्क्याचा प्रवास बघू. सुरुवात ६० टक्क्यांनी झाली.

आंबिया बहाराच्या हंगामात यंत्र चाललं. आणखी पाच यंत्रं बनवायला पन्नास लाख हवेत. नागपूरचा एक गुंतवणूकदार म्हणतो, "तुमच्या कंपनीची किंमत मी दोन कोटी धरतो, त्यावर पन्नास लाख टाकतो." दोन कोटी भागिले १०,००० शेअर्स, म्हणजे शेअरचा भाव २,००० रुपये. पन्नास लाखांत त्याला २,५०० नवे शेअर्स मिळाले आणि एकूण झाले १२,५००. संस्थापकाचे ६,००० तसेच आहेत, पण आता ते १२,५०० पैकी आहेत. हिस्सा ४८ टक्के.

इथे पहिली चूक होते ती वजाबाकीची. गुंतवणूकदाराला वीस टक्के दिले, म्हणून साठातून वीस गेले आणि चाळीस उरले, असं बरेच जण सांगतात. ते चुकीचं आहे. नवे शेअर्स सगळ्यांनाच सारख्या प्रमाणात पातळ करतात. साठाचा एक पंचमांश म्हणजे बारा गेले आणि अठ्ठेचाळीस उरले. मैत्रिणीच्या चाळिसातले आठ गेले आणि बत्तीस उरले. बारा आणि आठ मिळून वीस. डायल्यूशन गुणाकाराने होतं, वजाबाकीने नाही.

दुसरी चूक महागात पडते आणि ती एका शब्दाची असते. 'दोन कोटी किंमत' म्हणजे पैसे येण्याआधीची की आल्यानंतरची? पहिलीला प्री-मनी म्हणतात, दुसरीला पोस्ट-मनी. वर आपण आधीची धरली. तोच गुंतवणूकदार जर म्हणाला, "मी पोस्ट-मनी म्हणत होतो," तर माझे पन्नास लाख धरून दोन कोटी, असा अर्थ होतो. म्हणजे तुमची आधीची कंपनी दीड कोटीची. भाव १,५०० रुपयांवर येतो, नवे शेअर्स ३,३३३ होतात आणि गुंतवणूकदाराला वीसऐवजी पंचवीस टक्के मिळतात. संस्थापक ४८ ऐवजी ४५ वर येते. बोलण्यातला आकडा तोच होता, 'दोन कोटीवर पन्नास लाख'. तीन टक्के गेले ते फक्त एक शब्द विचारला नाही म्हणून. तेव्हा चहाच्या टेबलावर आकडा ठरला की लगेच विचारायचं : शेअरचा भाव किती आणि नवे शेअर्स किती? या दोन संख्या कागदावर आल्या की टक्क्यांत गडबड करायला जागा उरत नाही.

आपल्या गोष्टीत प्री-मनी दोन कोटीच ठरले असं धरू आणि पुढे जाऊ. दीड वर्षात यंत्रं वरुड, मोर्शी, काटोलला पोचली. आता मुंबईचा एक फंड तीन कोटी टाकायला तयार आहे. तो म्हणतो, "प्री-मनी नऊ कोटी." दोनाचे नऊ झाले, दोघी खूश! पण प्रस्तावात खाली एक ओळ असते : कर्मचाऱ्यांसाठी साडेबारा टक्क्यांचा ईसॉप पूल करावा आणि तो प्री-मनीतच धरावा. ईसॉप म्हणजे पुढे येणाऱ्या इंजिनिअर्सना, विक्रीच्या माणसांना देण्यासाठी राखून ठेवलेले शेअर्स. मागणी गैर नाही. चांगली माणसं नुसत्या पगारावर येत नाहीत आणि लहान कंपनीकडे मोठा पगार नसतो. प्रश्न असा आहे की हा पूल कुणाच्या वाट्यातून निघणार?

हिशेब करू. तीन कोटी आल्यावर कंपनी बारा कोटींची, म्हणजे फंडाचे २५ टक्के. पुलाचे साडेबारा. उरलेल्या साडेबासष्ट टक्क्यांत जुने १२,५०० शेअर्स बसवायचे, म्हणजे एकूण शेअर्स २०,००० होतात. त्यात फंडाचे ५,०००, पुलाचे २,५०० आणि जुने १२,५००. शेअरचा भाव बारा कोटी भागिले २०,०००, म्हणजे ६,००० रुपये. संस्थापक : २०,००० पैकी ६,०००, तीस टक्के.

आता जुन्या १२,५०० शेअर्सना ६,००० रुपयांनी गुणून बघा. साडेसात कोटी येतात. नऊ कोटी कुठे गेले? राहिलेले दीड कोटी म्हणजे पुलातल्या त्या २,५०० शेअर्सची किंमत, जे अजून कुणालाच दिलेले नाहीत. पूल प्री-मनीत धरला की त्याचा सगळा भार जुन्या मालकांवर पडतो आणि नव्या फंडाचे पंचवीस टक्के अबाधित राहतात. मथळ्यात नऊ कोटी असले तरी जुन्यांच्या शेअर्सना मिळालेली किंमत साडेसातच आहे. यात फसवणूक नाही, गुंतवणुकीच्या जगात ही सर्रास चालणारी रीत आहे. पण ती ओळखता आली पाहिजे, म्हणजे वाटाघाट करता येते. "साडेबारा टक्के कशासाठी? पुढच्या दीड वर्षात आम्ही कोणकोणाला घेणार, कुणाला किती देणार, ही यादी घ्या. यात सात टक्क्यांत भागतंय," असं सांगता आलं तर वाचलेले टक्के जुन्या मालकांकडेच राहतात.

इथवर संस्थापक साठावरून तिसावर आली. निम्मा हिस्सा गेला. तिचं नुकसान झालं का? तिने स्वतःचे साठ हजार रुपये टाकले होते. पहिल्या फेरीनंतर तिच्या ६,००० शेअर्सची कागदावरची किंमत एक कोटी वीस लाख झाली, दुसऱ्या फेरीनंतर तीन कोटी साठ लाख. टक्का निम्म्यावर आला आणि किंमत वाढत गेली, कारण प्रत्येक वेळी नवे शेअर्स आधीपेक्षा चढ्या भावाने निघाले. वरणात पाणी वाढवलं की वरण पातळ होतं, पण कुणी सोबत डाळ आणली असेल तर भांडं भरतं आणि चवही राहते. नवा शेअर किती भावाने गेला, यावरून आलेली डाळ आहे की पाणी ते कळतं.

पाणी कसं दिसतं, तेही बघू. समजा, एका वर्षी गारपिटीने बागा झोडपल्या, शेतकऱ्यांनी यंत्रांच्या ऑर्डरी थांबवल्या. पगार द्यायचे आहेत, पुन्हा तीन कोटी हवेत. पण आता नवा गुंतवणूकदार शेअरला ३,००० च देतो, मागच्या भावाच्या निम्मे. याला डाउन राउंड म्हणतात. तीन कोटींसाठी आता ५,००० नाही, १०,००० नवे शेअर्स द्यावे लागतात. एकूण ३०,००० आणि संस्थापकाचा हिस्सा वीस टक्के. जुना भाव टिकला असता तर ती चोवीस टक्क्यांवर राहिली असती. यावेळी टक्का उतरला आणि तिच्या शेअर्सची किंमतही ३ कोटी ६० लाखांवरून १ कोटी ८० लाखांवर आली. हे खरं नुकसान.

आणि ते इथे थांबतही नाही. मुंबईच्या फंडाने शेअर्स घेताना बहुधा साधे शेअर्स घेतलेले नसतात. सक्तीने परिवर्तित होणारे प्रेफरन्स शेअर्स घेतलेले असतात आणि त्यात एक संरक्षण असतं : पुढे कुणाला स्वस्तात शेअर्स दिले तर आमचा रूपांतराचा भाव खाली आणायचा. या कलमाचं नाव अँटी-डायल्यूशन. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'फुल रॅचेट' असेल तर फंडाचा सहा हजारांचा भाव थेट तीन हजार धरला जातो. त्याचे ५,००० शेअर्स होतात १०,०००, एकूण संख्या ३५,००० आणि संस्थापक सतरा टक्क्यांच्या थोडी वर. 'वेटेड ॲव्हरेज' असेल तर स्वस्तातले शेअर्स किती निघाले, हेही मोजलं जातं. आपल्या उदाहरणात भाव तीन हजारांवर न येता पाच हजारांवर थांबतो. फंडाला ५,००० चे ६,००० मिळतात, एकूण ३१,००० आणि संस्थापक १९.३५ टक्के. फंडाने सोसायचा तोटा संस्थापकाने सोसायचा, असाच दोन्हींचा अर्थ. पण पहिल्यात तो अख्खा सोसायचा आणि दुसऱ्यात थोडा. दिवस चांगले असताना सही करताना ही ओळ कुणी वाचत नाही, कारण तेव्हा भाव पडेल असं कुणालाच वाटत नसतं. सगळा करार वाचून झाला नाही तरी चालेल म्हणणाऱ्यांनी किमान ही ओळ तरी शोधून वाचावी.

पैशाचा हिशेब इथे संपतो. पण शेअर म्हणजे फक्त पैसा नाही, मतही आहे. आपल्याकडच्या सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत असतं, त्याचे भाग कितीही असोत. कंपनीत शेअरप्रमाणे मत मिळतं. म्हणून टक्का उतरताना दोन रेषा ओलांडल्या जातात आणि त्या आपल्याला ठाऊक हव्यात.

पहिली रेषा पन्नासची. सर्वसाधारण ठराव निम्म्याहून अधिक मतांनी होतो. संस्थापक साठावर असताना तो एकटी मंजूर करू शकत होती, अठ्ठेचाळीसवर आल्यावर तिला कुणाची तरी साथ लागते. ही रेषा बहुतेकांना माहीत असते. दुसरी रेषा पंचवीसची आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. कंपनी कायदा, २०१३ नुसार विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने लागतात, म्हणजे पंचाहत्तर टक्के. कंपनीची नियमावली बदलायची तर विशेष ठराव लागतो. बाहेरच्या गुंतवणूकदाराला खासगीरीत्या नवे शेअर्स द्यायचे तरी विशेष ठरावच लागतो. याचा अर्थ, ज्याच्याकडे पंचवीस टक्क्यांहून अधिक मतं आहेत तो पुढचं डायल्यूशन एकट्याच्या बळावर थांबवू शकतो. तिसावर असलेली आपली संस्थापक "हा भाव मला मान्य नाही" म्हणून अडवू शकत होती. वीसवर आल्यावर ती फक्त नाराजी नोंदवू शकते. साठावरून तिसावर येताना जेवढं गेलं नाही, तेवढं तिसावरून विसावर येताना गेलं.

इथे दोन बारकावे आहेत. एक म्हणजे, पुलातले न वाटलेले शेअर्स टक्क्यांच्या तक्त्यात धरले तरी त्यांना मत नसतं. त्यामुळे मतांचा टक्का तक्त्यातल्या टक्क्यापेक्षा थोडा वर असतो. तिसावर असताना संस्थापकाची प्रत्यक्ष मतं चौतीस टक्क्यांच्या आसपास होती, वीसवर असताना बावीसच्या आत. रेषा दोन्ही हिशेबांनी तिथेच राहते. दुसरं, गुंतवणूकदार करारात काही निर्णय 'आमच्या संमतीशिवाय नाही' असे राखून ठेवतात. हिस्सा कितीही लहान असला तरी तो नकाराधिकार चालतो. मग संस्थापकानेही स्वतःसाठी असे दोन-तीन विषय करारात का लिहून घेऊ नयेत? विशेषतः आधीच्यापेक्षा कमी भावाने शेअर्स काढण्याचा विषय.

पंचवीसची ढाल एका बाजूने मात्र उघडी असते. राइट्स इश्यूमध्ये कंपनी सगळ्या जुन्या भागधारकांना त्यांच्या हिश्शाच्या प्रमाणात नवे शेअर्स देऊ करते. हे संचालक मंडळाच्या ठरावाने होऊ शकतं, विशेष ठराव लागत नाही. वरवर हे सगळ्यात न्याय्य दिसतं. तुमच्या वाट्याचे घ्या, टक्का तेवढाच राहील. पण घ्यायला पैसे नसतील तर? मोठा फंड आपला वाटा भरतो, कळमेश्वरची संस्थापक भरू शकत नाही आणि भाव मुद्दाम कमी ठेवलेला असेल तर एका फेरीत तिचा टक्का कोसळतो. भागधारकांमध्ये भांडण पेटतं तेव्हा हे हत्यार वापरलं जातं. म्हणून मतांच्या टक्क्याइतकंच संचालक मंडळात आपली माणसं किती, हेही मोजावं लागतं.

आता पुन्हा फर्स्टक्रायकडे येऊ, कारण आयपीओच्या बातमीत अजून एक घोळ नेहमी होतो. 'कंपनीने ४,१९४ कोटींचा इश्यू आणला' असं वाचलं की सगळे पैसे कंपनीला मिळाले आणि तेवढ्या प्रमाणात सगळे पातळ झाले, असं वाटतं. प्रत्यक्षात त्यात दोन भाग होते. नव्या शेअर्सचा भाग १,६६६ कोटींचा. ४६५ रुपयांनी भागलं तर साडेतीन कोटींहून थोडे जास्त नवे शेअर्स निघाले. दुसरा भाग सुमारे ५.४ कोटी शेअर्सचा, पण हे शेअर्स नवे नव्हते. जुन्या भागधारकांनी आपल्याकडचे विकले. त्याला ऑफर फॉर सेल म्हणतात. त्यात शेअर एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, एकूण संख्या वाढत नाही, कंपनीला रुपयाही मिळत नाही आणि न विकणाऱ्याचा टक्का जिथल्या तिथे राहतो. पातळ केलं ते फक्त पहिल्या भागाने. इश्यूनंतर एकूण शेअर्स साधारण बावन्न कोटी होते, त्यात नवे साडेतीन कोटी म्हणजे जवळपास सात टक्के. ज्याच्याकडे आधी सहा टक्के होते आणि ज्याने एकही विकला नाही, तो साडेपाचच्या जरा वर आला. आयपीओची बातमी वाचताना 'नवे किती आणि जुने किती' हा प्रश्न आधी विचारायचा. संस्थापकाचा टक्का उतरलेला दिसला, तर तो पातळ झाला की त्याने विकले, हे वेगळं करायचं. दोन्हींचा अर्थ एक नाही.

"आम्ही कुठे कंपनी काढतोय, आम्हाला काय त्याचं?" असं म्हणणाऱ्यांसाठी. तुमच्यातले बरेच जण कंपनी काढण्याआधी कुणाच्या तरी स्टार्टअपमध्ये नोकरी करतील. तिथे पगार थोडा कमी देऊन सांगितलं जाईल, "तुला एक टक्का देऊ." एक टक्का कशाचा? आपल्या उदाहरणात २०,००० शेअर्स असताना एक टक्का म्हणजे २०० शेअर्स. ३०,००० झाल्यावर तेच २०० शेअर्स पाऊण टक्काही नाहीत, दोन-तृतीयांश टक्का आहेत. संस्थापक लबाड आहे म्हणून हे झालेलं नाही. गणितच तसं आहे. पण टक्क्याचं वचन तोंडी असतं आणि शेअर्सची संख्या कागदावर असते. म्हणून ऑफर लेटरवर टक्का नको, संख्या मागा. सोबत आज कंपनीचे एकूण शेअर्स किती, तेही मागा, आणि ते पुलासकट मोजलेले हवेत. ते सांगायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर तो एक टक्का शून्य धरून पगार ठरवा.

तपासायचं कुठे, हेही अवघड नाही. कंपनी नवे शेअर्स खासगीरीत्या देते तेव्हा तिला PAS-3 नावाचा फॉर्म कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरावा लागतो. कुणाला किती शेअर्स, कोणत्या भावाने, हे त्यात असतं. तो भरल्याशिवाय आलेले पैसे वापरता येत नाहीत. वर्षाकाठी भरल्या जाणाऱ्या MGT-7 मध्ये भागधारकांचं चित्र असतं. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून हे कागद कुणालाही बघता येतात. ज्या कंपनीत उमेदीची तीन वर्षं घालवायची, तिचे हे दोन कागद बघायला अर्धा तास पुरतो.

शेवटी आपल्या संस्थापकाच्या आकड्यांकडे एकदा एकत्र बघू. साठ, अठ्ठेचाळीस, तीस, वीस. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या तिने चढत्या भावाने उतरल्या आणि त्यातून पाच जिल्ह्यांत पोचेल असा धंदा उभा राहिला. तिसावरून विसाची पायरी तिने पडत्या भावाने उतरली आणि नको म्हणण्याचा अधिकारही तिथेच सोडला. एक गोष्ट मात्र तिच्या हातात होती. पहिले पन्नास लाख तिला २,५०० शेअर्सना पडले. तेच पन्नास लाख दीड वर्षाने, ६,००० च्या भावाने घेतले असते तर ८३३ शेअर्सवर भागलं असतं. सुरुवातीचा पैसा सगळ्यात महाग असतो. पहिली पाच यंत्रं शेतकऱ्यांकडून आगाऊ रक्कम घेऊन बनवता आली असती का, निम्मी रक्कम कर्जाने भागली असती का, हा विचार त्या वेळी करायचा असतो. कर्जाचा हप्ता टोचतो हे खरं, पण तो फिटतो. दिलेला शेअर परत येत नाही.

त्यामुळे टक्का टिकवायचा म्हणून पैसाच न घेणं हा शहाणपणा नाही. दहा हजार शेअर्सच्या साठ टक्क्यांवर बसून एका गाळ्यात एकच यंत्र बनवत राहणं कुणालाही जमेल. पण पुढच्या वेळी कुणी कौतुकाने सांगितलं की "आमच्या स्टार्टअपला फंडिंग मिळालं," तर अभिनंदन करा आणि विचारा : भाव काय लागला, पूल कुणाच्या वाट्यातून गेला आणि पंचवीसची रेषा अजून किती लांब आहे? तीन्ही उत्तरं तयार असतील, तर त्या कंपनीत शेअर्स मोजणारं कुणीतरी आहे.